गणिताच्या बाईंना निरोपाची चिठ्ठी: मानपत्राची भाषा काढून टाकली की काय उरतं

प्रश्न: आमच्या गणिताच्या बाई 31 मे रोजी निवृत्त होत आहेत. कार्डावर हाताने लिहून द्यायला मजकूर तयार केलाय, पण वाचताना तो माझा वाटतच नाही. छोटा आणि मनापासूनचा करून द्याल का? काय काढलं आणि का, तेही सांगा. खरी गोष्ट एवढीच आहे: नववीच्या घटक चाचणीत मला भूमितीत 20 पैकी 4 पडले होते. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय पाठ होतं, पण आकृतीतली अक्षरं बदलली की मला काही सुचायचं नाही. बाईंनी आठवडाभर मधल्या सुट्टीत बोलावून तेच प्रमेय रोज वेगळी अक्षरं घालून लिहून घेतलं. त्यांचा डबा शेजारी बंदच असायचा. आता मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. अर्ज तपासताना दिलेलं काय आणि ठरवायचं काय हे आधी बघते, ती सवय बाईंचीच. मसुदा असा आहे:

> आदरणीय बाई,
> सा. न. वि. वि.
> गुरुर्ब्रम्हा गुरुर्विष्णू गुरुर्देवो महेश्वरः! आज आपल्या सेवापूर्तीच्या निमित्ताने आपल्याला शुभेच्छा देताना मन भरून येत आहे. आपण गेली 33 वर्षे ज्ञानदानाचे पवित्र कार्य अविरतपणे केलेत. आमच्यासारख्या मातीच्या गोळ्यांना आपण आकार दिलात. आपण आमच्यासाठी दीपस्तंभ आहात. गणितासारखा अवघड विषय तुम्ही सोपा करून शिकवला. तुम्ही कधी कधी रागवायच्या, छडीही मारायच्या, पण ते आमच्या भल्यासाठीच होतं. नववीत मला गणितात कमी मार्क पडले होते तेव्हा तुम्ही मदत केली होती हे मी कधीच विसरणार नाही. आपल्यासारख्या शिक्षिका पुन्हा होणे नाही. आपली उणीव शाळेला सदैव भासत राहील. आपल्या आठवणी आमच्या हृदयात कायम राहतील. आपले उर्वरित आयुष्य सुखाचे, समृद्धीचे व निरोगी जावो हीच ईश्वरचरणी प्रार्थना. आपले आर्शिवाद असेच पाठीशी राहू देत. काही चुकले असल्यास क्षमस्व.
> आपली नम्र विद्यार्थीनी

उत्तर:

मसुद्यात चौदा वाक्यं आहेत आणि त्यातलं तुमचं म्हणावं असं एकच आहे, आठवं. बाकीची मानपत्रातली आहेत. मानपत्राला माझा विरोध नाही, त्याचं काम वेगळं असतं. ते सगळ्यांच्या वतीने लिहिलेलं असतं, शाल-श्रीफळ देताना माइकवर वाचलं जातं, समोर संस्थेचे पदाधिकारी, पालक, बाईंच्या घरची माणसं बसलेली असतात आणि नंतर ते चौकटीत जातं. तिथे ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’ शोभून दिसतं, कारण कुणा एकाची खासगी आठवण तिथे सांगायची नसते. तुम्ही एकटीने एका माणसाला लिहिताय. त्या दिवशी बाईंच्या हातात असे वीस-पंचवीस मजकूर पडतील आणि त्यातल्या बहुतेकांत दीपस्तंभ असेल. तुमच्या कार्डावर जे लिहिलेलं असेल ते दुसऱ्या कुणालाच लिहिता येणार नाही, एवढं साधलं की काम झालं.

मजकूर तुमचा का वाटत नाही, याचं उत्तर मसुद्यातच सापडतं. सर्वनामं बघा. सुरुवातीला तुम्ही बाईंना ‘आपण’ म्हणता. सहाव्या, सातव्या आणि आठव्या वाक्यात अचानक ‘तुम्ही’ येतं आणि नवव्यापासून पुन्हा ‘आपल्या’ सुरू होतं. शब्दही तसेच बदललेत: वर ‘केलेत’, ‘कार्य’, ‘वर्षे’ आणि मधे एकदम ‘होतं’. ही नुसती व्याकरणाची गडबड नाही. जिथे तुम्हाला खरोखर वर्ग आठवला, बाई आठवल्या, तिथे तोंडातली भाषा आपोआप आली. जिथे काही आठवत नव्हतं तिथे समारंभाची भाषा आली. म्हणून मसुद्यात काय ठेवायचं याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही. ‘तुम्ही’ची तीन वाक्यं घ्यायची आणि त्यांतून चाळायचं.

त्या तिघांपैकी सहावं जातं. ‘अवघड विषय सोपा करून शिकवला’ हे वाक्य गणिताऐवजी विज्ञान, इंग्रजी किंवा संस्कृत घालून कुठल्याही शिक्षकाला लावता येतं. सातवंही जातं, आणि ते जरा काळजीपूर्वक समजून घ्या. रागवण्याची, छडीची आठवण माजी विद्यार्थ्यांच्या गप्पांत हसत निघते आणि तिथे ती गोडही वाटते. कागदावर आली की तिचा सूर बदलतो. ते कार्ड बाईंचे सहकारी, सुना-नातवंडं, कदाचित आताचे विद्यार्थीही वाचतील. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ‘तुम्ही मारायच्या’ हे लेखी हातात यावं असं कुठल्याही शिक्षिकेला वाटणार नाही, पुढे ‘भल्यासाठीच’ जोडलेलं असलं तरी. ‘रागवायच्या पण’ असं सुरू होणारं कुठलंही वाक्य बाईंना माफ केल्यासारखं वाचलं जातं. आभाराच्या चिठ्ठीत माफीला जागा नाही.

आता नवव्यापासून बाराव्यापर्यंतची चार वाक्यं. मसुद्यातली सर्वांत मोठी अडचण तिथे आहे आणि ती लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ‘पुन्हा होणे नाही’, ‘उणीव सदैव भासत राहील’, ‘आठवणी हृदयात कायम राहतील’ ही तिन्ही वाक्यं वर्तमानपत्राच्या श्रद्धांजलीच्या जाहिरातीत, फोटोखाली, जशीच्या तशी बसतात. निरोप समारंभाची आणि शोकसभेची भाषा आपल्याकडे एकाच पेटीतून काढली जाते, म्हणून असं होतं. त्यात ‘आपले उर्वरित आयुष्य’ आलं की कळस होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या, अजून चालत बाजारात जाणाऱ्या बाईंना ‘तुमचं जे काही उरलंय ते’ असं आपण लिहितो. मनात तसं काहीच नसतं, पण कागदावर तेच असतं. तपासायची सोपी रीत अशी: वाक्यातून ‘सेवापूर्ती’ हा शब्द झाकून वाचा. माणूस जिवंत आहे की नाही हे कळत नसेल, तर वाक्य काढा. शुभेच्छा द्यायची असेल तर ती बाईंच्या उद्याच्या सकाळबद्दल असावी. त्याकडे खाली येऊ.

पहिल्या पाच वाक्यांवर फार वेळ घालवत नाही. श्लोक काढा, कारण तो तुम्ही बाईंकडून शिकलेला नाही आणि शिवाय ‘ब्रह्मा’ ऐवजी ‘ब्रम्हा’ झालाय. ‘मन भरून येत आहे’ हे लिहून सांगण्यापेक्षा पुढच्या मजकुरातून कळलेलं बरं. मातीचा गोळा आणि दीपस्तंभ शेजारी शेजारी बसले की बाई एका वाक्यात कुंभार होतात आणि पुढच्यात दगडी मनोरा.

33 वर्षांबद्दल मात्र एक सावधगिरी. आकडा ऐकीव असेल तर लिहू नका. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांमुळे बाईंना आपली सेवा वर्ष-महिने-दिवसांत पाठ झालेली असते. आणि खासगी शाळांतल्या बऱ्याच शिक्षकांची सुरुवातीची वर्षं विनाअनुदानित काळात गेलेली असतात. ती सेवेत धरली गेली की नाही हा अनेकांचा दुखरा प्रश्न असतो. चुकीचा आकडा नेमका त्यावर बोट ठेवतो. तुमच्या चिठ्ठीला त्या आकड्याची गरजही नाही. तुमचा बाईंशी संबंध 33 वर्षांचा नाही, नववीतल्या एका आठवड्याचा आहे.

एवढं काढल्यावर हाती आठवं वाक्य उरतं, आणि तेही जसंच्या तसं चालत नाही. ‘मदत केली होती’ यात काय मदत, कुठे, कशी, काहीच दिसत नाही. पैसे दिले? शिकवणी लावून दिली? पुढच्या बाकावर बसवलं? प्रश्नात तुम्ही जे सहज लिहिलंत ते मसुद्यात लिहिलंच नाहीत. हे फार जणांचं होतं: खरी गोष्ट ‘एवढीच आहे’ म्हणून बाजूला ठेवायची आणि कार्डावर मोठं काहीतरी लिहायचं. इथे उलटं करायचं आहे.

पहिल्यांदा उलटं करताना साधारण असा मजकूर येतो. तुम्हीही लिहायला बसलात तर असाच येण्याची शक्यता आहे, म्हणून मुद्दाम तो टप्पा दाखवत आहे.

> बाई, मी नववीत असताना गणितात खूप कच्ची होते. मला घटक चाचणीत 20 पैकी 4 मार्क पडले तेव्हा मी घरी सांगायलाही घाबरले होते. मला वाटलं होतं की मी दहावीत नक्की नापास होणार. पण तुम्ही माझ्यावर विश्वास दाखवलात आणि माझा आत्मविश्वास वाढवलात. त्यामुळेच मी दहावी पास झाले, मी बी.कॉम. केलं आणि आज मी पतसंस्थेत अधिकारी आहे. माझ्या या यशाचं सगळं श्रेय तुम्हाला.

मसुद्यापेक्षा हे बरं आहे, पण हे आत्मचरित्र आहे. मी, मला, माझा मोजून पाहा, अकरा वेळा आलंय. बाई एका वाक्यात आणि शेवटी एका शब्दात. त्या एका वाक्यातही त्यांनी केलेलं दिसत नाही. ‘विश्वास दाखवला’, ‘आत्मविश्वास वाढवला’ ही आपण नंतर लावलेली लेबलं आहेत. बाईंनी त्या आठवड्यात प्रत्यक्ष काय केलं? बोलावलं. अक्षरं बदलली. लिहून घेतलं. डबा उघडला नाही. ही चार कामं आहेत आणि आभार त्या कामांचे मानायचे आहेत. ‘सगळं श्रेय तुम्हाला’ हे तर बाईंनाही पटणार नाही. मधली बारा-पंधरा वर्षं तुम्ही काय केलंत हे त्यांना ठाऊक नाही, पण काहीतरी केलं असणार हे ठाऊक आहे. जेवढं खरं आहे तेवढंच श्रेय दिलं तर ते घेता येतं.

म्हणून दुसऱ्या फेरीत वाक्यांचे कर्ते बदलायचे. तुमच्याबद्दल फक्त तेवढंच ठेवायचं, ज्याशिवाय बाईंचं काम समजणार नाही: किती पडले आणि कुठे अडत होतं. घरी सांगायची भीती, नापास होण्याची धास्ती, बी.कॉम. हे सगळं गेलं. हा माझा प्रस्ताव:

> आदरणीय बाई,
> नमस्कार.
>
> नववीच्या घटक चाचणीत मला भूमितीत 20 पैकी 4 पडले होते. प्रमेय पाठ होतं, पण आकृतीतली अक्षरं बदलली की मी अडायचे. तुम्ही आठवडाभर मधल्या सुट्टीत बोलावून समद्विभुज त्रिकोणाचं एकच प्रमेय माझ्याकडून रोज नव्या अक्षरांनी लिहून घेतलंत. तुमचा डबा बाजूला बंदच असायचा.
>
> आता पतसंस्थेत कर्जाचा अर्ज समोर आला की आधी पक्ष काय आणि साध्य काय, तेच बघते.
>
> त्या आठवड्याबद्दल मनापासून आभार, बाई. आता मधल्या सुट्टीची घंटा नाही. डबा निवांत खा.
>
> तुमची विद्यार्थिनी,

तुमचा मसुदा सव्वाशेच्या आत-बाहेर होता, हे सत्तरएक शब्द आहेत. पण शब्द कमी करणं हा हेतू नव्हता, ते आपोआप झालं.

यातल्या काही निवडींची कारणं. ‘20 पैकी 4’ ठेवले, कारण ‘कमी मार्क’ म्हणजे कुणाला चौदाही कमी वाटतात. आकड्याने प्रसंग बाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि स्वतःचे कमी गुण मोकळेपणाने लिहिले की चिठ्ठीला ऐट राहत नाही. ‘अक्षरं बदलली की अडायचे’ हे वाक्य कुणा बाहेरच्याला किरकोळ वाटेल. गणिताच्या शिक्षिकेला ते लगेच ओळखू येतं. भूमितीत पाठांतर करणाऱ्या मुलांचं हेच दुखणं असतं: त्रिकोण एबीसी असेपर्यंत सिद्धता धडाधड लिहितात, तोच त्रिकोण पीक्यूआर झाला किंवा थोडा तिरका काढला की हात थांबतो, कारण एकरूप बाजू कुठल्या आणि त्यांच्यासमोरचे कोन कुठले हे बघितलेलंच नसतं, फक्त अक्षरांची ओळ लक्षात असते. बाईंनी नेमकं तेच ओळखून औषध दिलं होतं. तुम्ही ते ओळखलंत हे त्यांना कळणं, याहून मोठी पावती शिक्षकाला मिळत नाही. ‘छान शिकवायच्या’ यात ती येत नाही.

प्रमेयाचं नाव लिहावं का? तुम्हाला नक्की आठवतंय म्हणून लिहिलं. जरा जरी शंका असेल तर ‘एकच प्रमेय’ एवढं पुरे. नववीत नसलेलं प्रमेय नववीत घातलंत तर बाई आभार वाचायच्या आधी तिथेच थांबतील.

डब्याच्या वाक्यापुढे मी काही जोडलं नाही. ‘तुम्ही आमच्यासाठी उपाशी राहिलात’, ‘केवढा तो त्याग’ असलं काही तिथे लिहायचा मोह होईल. लिहू नका. डबा बंद होता हे तुम्ही पाहिलंत, ते लिहिलंत. त्याचा अर्थ बाईंना माहीत आहे. शिवाय त्यागाची भाषा आली की त्या अवघडतील, कारण त्यांच्या दृष्टीने तो एक सुट्टीतला तास होता.

‘पक्ष’ आणि ‘साध्य’ हे मी तुमच्या ‘दिलेलं काय, ठरवायचं काय’ या शब्दांवरून घेतलं. प्रमेय लिहिताना वहीत याच दोन ओळी आधी लिहायच्या असतात, मग रचना आणि सिद्धता. पतसंस्थेच्या टेबलावर ते शब्द आले की थोडं हसू येतं, आणि बाईंची सवय अजून चालू आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही प्रत्यक्षात मनात तसं म्हणत नसाल आणि वाक्य बनवलेलं वाटत असेल, तर ‘आधी दिलेलं काय आणि ठरवायचं काय, तेच बघते’ असं तुमचंच ठेवा. चिठ्ठी थोडी साधी होईल, पण खोटी होणार नाही.

आभारांच्या ओळीत ‘त्या आठवड्याबद्दल’ आहे, ‘सगळ्याबद्दल’ नाही. शाळेतल्या बाईंना ‘आभार’ हा शब्द थोडा परका वाटतो, कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन होतं त्यातला. ‘मी आपली आजन्म ऋणी आहे’ असं लिहून ते परकेपण जात नाही, उलट वाढतं. ज्याचे आभार मानायचे ती गोष्ट लहान आणि नेमकी असली की तोच शब्द सरळ वाटतो.

शेवटचं ‘डबा निवांत खा’ हे तुमच्या आणि बाईंच्या नात्यावर अवलंबून आहे. बाई कडक शिस्तीच्या असतील आणि तुम्ही शाळेनंतर त्यांना कधीच भेटला नसाल तर ही सलगी जास्त होईल. मग ते वाक्य सरळ काढा आणि आभारांवर थांबा. त्याच्या जागी ‘पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा’ घालू नका. ती ओळ नसल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, असली तर मात्र वरचं सगळं पुन्हा छापील कार्डासारखं होतं. बाईंना निवृत्तीनंतर काय करायचंय हे तुम्हाला माहीत असेल, गावी घर बांधलंय, नातीकडे पुण्याला जायचंय, पेटी शिकायचीय, तर त्याबद्दल एक वाक्य चालेल. ऐकीव असेल तर तेही नको.

आता भाषेच्या बारीक गोष्टी. एकदा ‘तुम्ही’ धरलं की शेवटपर्यंत ‘तुम्ही’, आणि क्रियापदाचा ‘त’ विसरायचा नाही: बोलावलंत, घेतलंत. ‘तुम्ही लिहून घेतलं’ असं बोलताना चालून जातं, लिहिताना आदर एक पायरी उतरतो. ‘होते’ ऐवजी ‘होतं’, ‘अक्षरे’ ऐवजी ‘अक्षरं’ असं बोलीतलं रूप घेतलंत तर सगळीकडे तेच घ्या. ‘विद्यार्थिनी’मधला ‘थि’ ऱ्हस्व आहे, ‘विद्यार्थीनी’ नव्हे. मसुद्यातला ‘आर्शिवाद’ वाक्यासकट गेला, पण पुढे कधी लिहिलात तर तो ‘आशीर्वाद’ आहे. ही चूक इतकी सर्रास आहे की छापील कार्डांवरही सापडते. ‘काही चुकले असल्यास क्षमस्व’ गेलंच. भाषणाच्या शेवटी ते सवयीने म्हणतात. सत्तर शब्दांच्या चिठ्ठीत ते आलं की वाचणारा चूक शोधायला लागतो.

मायन्यात ‘सा. न. वि. वि.’ चुकीचं नाही, पण ते पाहिलं की परीक्षेतला पत्रलेखनाचा प्रश्न आठवतो. ‘नमस्कार’ पूर्ण लिहा. आणि वर्गात ज्या हाकेने बोलावत होतात तीच हाक वापरा. बाईंना ‘बाई’ म्हणत असाल तर कार्डावर त्यांना ‘मॅडम’ करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना ‘सर’ही करू नका.

सहीची जागा मी रिकामी ठेवली आहे, कारण तिथे एक हमखास चूक होते. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर बायका नवं नाव लिहितात आणि बाई विचार करत बसतात, ही कोण. त्यांच्या हजेरीपटावर तुमचं माहेरचं नाव होतं. ते पूर्ण लिहा, हवं तर नवं आडनाव त्यापुढे. खाली तुकडी आणि दहावीचं वर्ष: ‘दहावी ब, मार्च 2009’ असं. नवीन डीपी, नवीन शहर यातून ओळख पटत नाही. तुकडीवरून आणि कुणाच्या शेजारी बसायचात त्यावरून पटते.

कार्डाचं म्हणाल तर आतलं पान कोरं असलेलं घ्या. छापील चार ओळींची कविता असलेलं घेतलंत तर तुमचा मजकूर तिच्याखाली दाबला जातो. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींत सेंटीमीटरभर अंतर हवं. पेन्सिलीने फिकट रेषा मारून घ्या आणि शाई वाळल्यावर खोडा. ओळीत सहा-सात शब्द बसले तर हा मजकूर अकरा-बारा ओळींचा होतो, मायना आणि सही धरून पंधराच्या आसपास. म्हणजे मध्यम कार्डाच्या एका पानावर तो आरामात मावतो. आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर एकदा लिहून पाहा, कारण चुकून शेवटची ओळ कडेने उभी लिहावी लागली तर ती नेमकी आभारांचीच असते. चकचकीत कागदावर जेल पेन फरपटतं, तिथे साधं बॉलपेन बरं.

वर्गमैत्रिणींनी मिळून एकच कार्ड द्यायचं ठरवलं तर हा मजकूर तिथे वापरू नका. सामूहिक कार्डावर प्रत्येकीने एकच ओळ लिहावी आणि तीही आठवणीची. बाई फळ्यावर तारीख कुठल्या कोपऱ्यात लिहायच्या, वही तपासताना कुठला शेरा द्यायच्या, कुठलं वाक्य रोज म्हणायच्या, असं काहीही चालतं. एकीने चांगली ओळ लिहिली की पुढच्यांना आपोआप दिशा मिळते, म्हणून पहिली सही कुणाची घ्यायची ते ठरवून घ्या. आणि समारंभात बोलायला सांगितलं तर हीच चिठ्ठी वाचू नका. डब्याची गोष्ट तोंडी सांगा, 20 पैकी 4 सांगा, लोक हसतील. लिहिलेलं बाईंपुरतं राहू द्या.

शेवटचा मुद्दा तारखेचा. 31 मे ला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. महाराष्ट्रात शिक्षक अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात, आणि महिन्याच्या एक तारखेचा जन्म असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. पूर्वी शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख 1 जून अशी लावली गेली, म्हणून 31 मे ला निवृत्त होणारे शिक्षक एवढे असतात. त्यामुळे समारंभ बहुधा सुट्टीच्या आधी उरकलेला असेल किंवा जूनच्या मध्यात शाळा उघडल्यावर होईल. आधी चौकशी करा. समारंभात दिलेलं कार्ड गुच्छ आणि शालींच्या ढिगात जातं आणि पिशवीतून घरी पोहोचेपर्यंत कुणाचं कोणतं ते कळत नाही. शक्य असेल तर त्याच आठवड्यात घरी नेऊन द्या, नाहीतर स्पीड पोस्टने चार-पाच दिवस आधी टाका. पाकिटावर ‘गणिताच्या बाई’ चालणार नाही, पूर्ण नाव आणि पिनकोड लागेल. आतल्या सहीखाली तुमचा मोबाइल नंबर लिहा. तुमचं माहेरचं नाव वाचल्यावर बाईंना फोन करावासा वाटला तर नंबर त्यांच्याकडे असण्याचं काही कारण नाही.